मदत हवी आहे: एकदम ओढलेल्या प्लेटवरचा थर आणि पाण्याचा मोकळा पृष्ठभाग

मंडळी, पुण्यातल्या कॉलेजात आमच्या प्रोजेक्टला उथळ टाकी आहे. तळाची सपाट प्लेट एकदम स्थिर वेगाने, U ने, सरकते आणि तिची हालचाल पाण्यात किती वर पोचली ते मोजायचं आहे. वेग U च्या 1 टक्क्यावर येतो ती उंची म्हणजे आमचा δ.

अनंत खोलीसाठी u/U = erfc(y/2√(νt)), म्हणून δ ≈ 3.64√(νt). पाण्याला ν = 10⁻⁶ m²/s धरलं तर 10 सेकंदांना 11.5 मिमी येतात, आणि आमचा एकमितीय कोडही तेच देतो. पण 25 सेकंदांना सूत्र 18.2 म्हणतं, कोड 19.1.

जाळी निम्मी, टाइमस्टेप चौथाई करून पाहिलं, काही फरक नाही. कोडमध्ये खोली 20 ची 40 मिमी केली की 18.2 बरोबर येतात. म्हणजे वरच्या पृष्ठभागाचा परिणाम दिसतो; तिथे du/dy = 0 घेतलं आहे. खऱ्या टाकीत मात्र खोली (H) 20 मिमीच राहणार.

प्रतिबिंबाचं erfc((2H−y)/2√(νt)) हे एकच पद मिळवलं की 19.1 येतात. ते कुठल्या νt/H² पर्यंत पुरतं, आणि पुढचं पद कधी घ्यावं लागतं?