धावताना कंबर केव्हा खाली, केव्हा वर
«ॲनिमेशनमध्ये चालण्याचेच चक्र दुप्पट वेगाने फिरवले, तरी पात्र धावल्यासारखे का दिसत नाही?»

कारण कंबरेची चढउतार उलटी होते. चालताना काँटॅक्टला, म्हणजे पुढचे पाऊल टेकते त्या पोझला, दोन्ही पाय जमिनीवर असतात आणि पासिंगला, म्हणजे एक पाय टेकलेल्या पायाजवळून पुढे जातो तेव्हा, सरळ पायावर कंबर उंच येते. धावताना एकच पाय टेकतो, पासिंगला त्याचा गुडघा वजनाने दुमडून कंबर सर्वांत खाली जाते आणि हाय पोझमध्ये दोन्ही पाय हवेत असतात. सेकंदाला 24 फ्रेम धरून मी 16 फ्रेमचे चक्र असे लावतो: पहिलीला काँटॅक्ट, तिसरीला पासिंग, पाचवीला रेटा, सातवीला हाय, नववीला दुसऱ्या पायाचा काँटॅक्ट. पासिंगला कंबर उचलण्याची माझी खोड नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर धावणाऱ्यांचे चित्रण फ्रेमागणिक पाहिल्यावरच सुटली.