निरोपाच्या व्हिडिओत फोटोखाली चारोळ्या? हॉलमध्ये त्या वाचून कोण पुऱ्या करतंय!

मोल्डिंगवाला (मूळ पोस्ट): शिरोलीतल्या आमच्या फाउंड्रीतले मोल्डिंगचे सुपरवायझर अण्णा 31 वर्षांनी निवृत्त होतायत. तीन मिनिटांचा व्हिडिओ करतोय, 40 फोटो आहेत. प्रत्येक फोटोखाली चारोळी टाकणार. दोन-चार शब्दांत माणसाचा मान राखला जात नाही. कुणाचं वेगळं मत असलं तर सांगा.

कात्रीवाला: वेगळंच मत आहे, आणि जरा लांबलचक सांगणार आहे, कारण चारोळ्या घातलेला असाच व्हिडिओ दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये वाया जातोय.

आधी हिशेब बघा. 180 सेकंदांत 40 फोटो म्हणजे एका फोटोला साडेचार सेकंद. एक फोटो विरघळून दुसरा येतो त्याला तुम्ही एक सेकंद देणार, म्हणजे अक्षरं पुरती स्पष्ट दिसतात जेमतेम साडेतीन सेकंद. त्यातला पहिला सेकंद लोक चेहरे शोधतात, "अरे हा कोण, तो कोण" चालतं. वाचायला उरले अडीच. चारोळीत सोळा-अठरा शब्द असतात आणि मनातल्या मनात सावकाश वाचलं तरी सात-आठ सेकंद लागतात. दुसऱ्या ओळीवर असतानाच फोटो जाणार. अण्णा स्वतः चष्मा लावून पुढच्या खुर्चीत बसलेले असतील, त्यांनाही ती पुरी वाचता येणार नाही. मग मान कुणाचा राखला?

फोटो 24 करा, एकेकाला साडेसात सेकंद मिळतात. त्यातल्या बारा-चौदालाच ओळ द्या, सहा-सात शब्दांची. ओळ फोटोबरोबर आणू नका, सेकंदभर मागून आणा.

आणि फोटोत दिसतंय तेच परत लिहू नका. अण्णा भट्टीजवळ उभे आहेत, खाली "कष्टाळू अण्णा" लिहिलं तर काय कळलं? तिथं "भट्टी लागली की अण्णांचं जेवण रात्री दहाला" लिहा. फोटोत न दिसणारी गोष्ट शब्दांनी सांगायची.

शुद्धलेखन_पेठ: लांबीचं पटलं. पण हल्ली कॅप्शनमध्ये "लई भारी", "नाद खुळा" घालायची साथ आली आहे, तिचा मला संताप आहे. कंपनीचा कार्यक्रम आहे, साहेब लोक बसलेले असतात. प्रमाण मराठीत लिहा. आणि "श्री." शिवाय नाव नको.

रंकाळा_काठ: साथ कसली? माणूस 31 वर्षं ज्या भाषेत बोलला ती त्याची भाषा. अण्णा रोज म्हणत असतील "वाळू वल्ली हाय, थांब जरा", आणि पडद्यावर तुम्ही लिहिणार "वाळू ओलसर आहे, प्रतीक्षा करावी". शॉपमधली पोरं हसतील, आणि ते हसणं अण्णांवर जाईल. कोल्हापुरात राहून असल्या बोलीची लाज कसली वाटते तुम्हाला?

शुद्धलेखन_पेठ: लाज कुणी म्हटलं? शब्द माझ्या तोंडी घालू नका. कॅप्शन लिहिणाऱ्याचं आणि वाक्य अण्णांचं, यातला फरक दिसला पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

कात्रीवाला: मग भांडण कशाला? अण्णांचं वाक्य असेल तर अवतरण चिन्हांत, जसं बोलले तसं, "वल्ली"चं "ओली" न करता. आपली ओळ साध्या मराठीत. "नाद खुळा" मात्र मीही काढेन, बोली आहे म्हणून नव्हे, तर ते कुठल्याही माणसाच्या फोटोखाली चालतं म्हणून.

हौशी_एडिटर: माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या मॅडमची बदली झाली, त्यांचा व्हिडिओ करतोय. "विद्यार्थी"चं "विद् यार्थी" दिसतंय, "श्रीमती"चीही तीच गत. घाईत आहे, उद्या कार्यक्रम.

उद्यमनगर_42: फॉन्ट बदला. मुक्ता नाहीतर बालू टाका, सुटेल.

हौशी_एडिटर: दोन्ही टाकून बघितले. तसंच.

कात्रीवाला: फॉन्टचा दोष नाही हा. फॉन्टचा असता तर चौकोन दिसले असते, किंवा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला की येतात तशी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. जोडाक्षर सुटतंय म्हणजे अक्षरं जोडणारं काम बिनसलंय. आधी बघा, शब्द एकेक अक्षर उमटत येणारा इफेक्ट लावलाय का? तो काढून अक्षरं जुळली तर दोष त्याचाच. तो "द्य"ला एक अक्षर मानत नाही, तुकडे करतो. पूर्ण शब्द किंवा पूर्ण ओळ एकदम येऊ द्या.

इफेक्ट काढूनही सुटलेलंच राहिलं आणि तुम्ही प्रीमिअरवर असाल, तर सेटिंगमध्ये ग्राफिक्सच्या पानावर `South Asian and Middle Eastern` निवडा. जुनी ओळ तरीही सुधारली नाही तर ती पुसून नवी टाका. मोबाईलवरच्या ॲपमध्ये असं सेटिंग सापडलं नाही तर वेळ घालवू नका. ज्या ॲपमध्ये मराठी नीट दिसतं तिथं ओळ लिहून पारदर्शक पीएनजी काढा आणि फोटोवर ठेवा. चित्र झालं की अक्षरं फुटत नाहीत.

उद्यमनगर_42: ठीक आहे, फॉन्टचं चुकलं माझं. पण मी म्हणतो त्यातही तथ्य आहे. आमच्याकडच्या व्हिडिओत शिरोरेषा मध्येमध्ये तुटलेली होती, तीही फॉन्ट बदलून गेली.

प्रूफवाली: ती बहुतेक नवीन ओळ घेतली म्हणून गेली. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. इंग्रजीत अंतर वाढवून रुबाबदार दिसतं, मराठीत दात पडल्यासारखं. ते शून्यावर ठेवायचं. आणि दोन ओळी असतील तर त्यांच्यातलं अंतर अक्षराच्या दीडपट धरा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. वर "गुरू", खाली "कार्यकर्ते" असं लिहून बघा, लगेच कळेल.

हौशी_एडिटर: इफेक्टच होता! काढला, जुळलं. पण तो इफेक्ट छान दिसत होता हो.

मोल्डिंगवाला: माझ्या धाग्यात फॉन्टचा बाजार भरलाय. मूळ मुद्द्यावर या. बरं, बारा ओळी करतो. पण चारोळ्या रात्री जागून लिहिल्यात, त्या टाकून देऊ?

कात्रीवाला: टाकू नका. त्यातली सगळ्यात चांगली एक शेवटी काळ्या पडद्यावर एकटी ठेवा, फोटो नाही, आणि बारा सेकंद द्या. तेवढ्या वेळात ती सावकाश पुरी वाचून होते. फक्त तिच्या मागे शब्द असलेलं गाणं नको, नुसती बासरी किंवा सतार. कानात एक कविता आणि डोळ्यापुढं दुसरी, असं झालं की दोन्ही जातात.

अक्षरं 1080च्या चौकटीत साठ पिक्सेलच्या खाली नेऊ नका. ओळ अगदी तळाला ठेवू नका, भाड्याच्या हॉलमध्ये पडदा खाली असतो आणि पुढच्या रांगेतली डोकी तळाची अक्षरं झाकतात.

मोल्डिंगवाला: मान्य. चारोळीबाबत अर्धंच मान्य, पण मान्य. भट्टीवाली ओळ घेतो. ग्रुप फोटोला "मागच्या रांगेत डावीकडून तिसरे, 1994" चालेल?

कात्रीवाला: चालेल कसलं, पळेल! सगळ्यात जास्त वेळ लोक त्याच फोटोवर थांबणार. त्याला दहा सेकंद द्या.

शुद्धलेखन_पेठ: आणि पहिल्या फोटोवर "श्री." हवंच.

रंकाळा_काठ: "अण्णा" एवढंच. शॉपमध्ये कुणी श्री. म्हटलंय का त्यांना कधी?

शुद्धलेखन_पेठ: शॉपमध्ये नसेल म्हटलं. निरोपाच्या दिवशी पडद्यावर म्हणायचं. त्यांच्या घरची माणसं बघायला येणार आहेत.

मोल्डिंगवाला: साहेबांनी पूर्ण नाव आणि हुद्दा मागितलाय, पोरं "अण्णा"वर अडून बसलीत. अजून ठरलेलं नाही.