मदत हवी आहे: एकाच टेबलवर मॅक्सिमिन बरोबर, रिग्रेट चूक. क्विझ बिघडली आहे का?

घाईत_आहे
क्वांट मेथड्सची क्विझ आहे, आज रात्री बारापर्यंत. एकाच टेबलवर पाच प्रश्न. माझी १, २ आणि ५ ची उत्तरं बरोबर दाखवतंय, ३ आणि ४ चूक. टेबल एकच, रीत तीच, मग मधलेच दोन कसे चुकतील? तीनदा तपासलं. टेबल:

अ: २०, ४५, १००
ब: ३५, ५०, ७०
क: ५५, ५५, ६०

माझी उत्तरं: (१) निराशावादी निवड क. (२) आशावादी निवड अ. (३) रिग्रेट ३०. (४) ईव्हीने क. (५) ईव्हीपीआय ८. एकच अटेम्प्ट उरला आहे. प्लीज लवकर.

दोन_दशांश
संभाव्यता कुठे आहेत? त्यांच्याशिवाय ४ आणि ५ कसे तपासायचे?

परीक्षावीर
३ मध्ये काय झालंय ते न बघताच सांगतो. रिग्रेट रांगेतून काढलं असशील. रिग्रेट नेहमी स्तंभातून काढायचं, आडवं नाही. वर्गातली निम्मी मुलं इथेच आपटतात.

घाईत_आहे
आडवं नाही काढलं हो. स्तंभातला मोठा आकडा घेतला (५५, ५५, १००) आणि त्यातून वजा केलं. अ: ३५, १०, ०. ब: २०, ५, ३०. क: ०, ०, ४०. प्रत्येक रांगेतला मोठा ३५, ३०, ४०. त्यात लहान ३०, म्हणजे ब. कुठे चुकलं सांगा.
संभाव्यता ०.५, ०.३, ०.२. त्याने क ला ५६ येतात, तेच सगळ्यात जास्त.

खेळिया
तुमच्या टेबलला सॅडल पॉइंट आहे, ५५ वर. रांगांतल्या लहानांपैकी मोठा ५५, स्तंभांतल्या मोठ्यांपैकी लहानही ५५. म्हणजे क घ्या, मिश्र डावपेचांची गरजच नाही. बाकी प्रश्न निरर्थक आहेत.

दोन_दशांश
@खेळिया, समोर प्रतिस्पर्धी कुठे आहे? मागणी कमी-जास्त होते ती काही आपल्याला हरवायला नाही. सॅडल पॉइंट इथे कोणी विचारलेला नाही.

सांख्यिकी_काका
घाईत_आहे, वजाबाकी बरोबर आहे. मला वेगळीच शंका येते. टेबलच्या वर काय लिहिलंय? मथळा जसाच्या तसा टाका. आणि बरोबर उत्तर किती दाखवतं?

घाईत_आहे
बरोबर उत्तर अटेम्प्ट संपल्यावरच दाखवतं. मथळा: 'वार्षिक एकूण खर्च, हजार रुपयांत'. अ म्हणजे काम बाहेरून करून घेणं, ब छोटं मशीन, क मोठं मशीन. स्तंभ म्हणजे मागणी कमी, मध्यम, जास्त. त्याने काय फरक पडतो? आकडे तेच आहेत ना.

सांख्यिकी_काका
त्यानेच सगळा फरक पडतो. खर्च आहे, नफा नाही. तुम्ही मोठा आकडा चांगला धरलात, इथे लहान आकडा चांगला. पुन्हा करू.

निराशावादी: प्रत्येक पर्यायात वाईटात वाईट म्हणजे सर्वांत मोठा खर्च. अ १००, ब ७०, क ६०. त्यातला लहान ६०, निवड क. आशावादी: प्रत्येकाचा सर्वांत कमी खर्च २०, ३५, ५५. निवड अ. दोन्हींची अक्षरं तुमच्याशी जुळतात, म्हणून तुम्हाला रीत बरोबर वाटली. पण तुम्ही क निवडला तो ५५ बघून, निवडायचा होता ६० बघून. पर्यायाऐवजी आकडा टाकायला सांगितला असता तर पहिल्याच प्रश्नाला लाल फुली आली असती.

रिग्रेट: स्तंभातला *लहान* आकडा घ्या, म्हणजे २०, ४५, ६०, आणि प्रत्येक खर्चातून तो वजा करा.

अ: ०, ०, ४०
ब: १५, ५, १०
क: ३५, १०, ०

प्रत्येक रांगेतला मोठा ४०, १५, ३५. त्यातला लहान १५, निवड ब. इथेही अक्षर तेच, पण क्विझने आकडा मागितला आणि तिथे तुम्ही सापडलात. उत्तर १५.

ईव्ही: अ ४३.५, ब ४६.५, क ५६. खर्च कमी हवा, म्हणून अ. तुम्ही सर्वांत महाग पर्याय निवडलात.

परीक्षावीर
काकांचं बरोबर, पण एक राहिलं. खर्च असेल तेव्हा सगळंच उलटं करायचं असतं. मॅक्सिमिनचं मिनिमॅक्स होतं, मॅक्सिमॅक्सचं मिनिमिन होतं, तसंच मिनिमॅक्स रिग्रेटचं मॅक्सिमिन रिग्रेट होतं. म्हणजे प्रत्येक रांगेतला लहान रिग्रेट घ्यायचा, ०, ५, ०, आणि त्यातला मोठा ५. उत्तर ५ असावं.

सांख्यिकी_काका
नाही, तिथे उलटं करायचं नाही. रिग्रेट म्हणजे हुकलेल्या संधीचं नुकसान. मूळ टेबल नफ्याचं असो वा खर्चाचं, एकदा रिग्रेट काढलं की ते नुकसानच. ते कधी ऋण येत नाही आणि प्रत्येक स्तंभात निदान एक शून्य असतं. उलटायचं ते फक्त रिग्रेट काढताना: खर्चात स्तंभातल्या लहानापासून अंतर, नफ्यात मोठ्यापासून. पुढे रांगेतला मोठा आणि त्यातला लहान, दोन्हीकडे सारखंच.
तुमच्या नियमाने अ आणि क ला ० मिळालं, आणि तुम्ही त्यातला *मोठा* घेऊन ब वर गेलात. अक्षर पुन्हा तेच आलं! या टेबलने आज सगळ्यांनाच फसवायचं ठरवलंय.

परीक्षावीर
मला क्लासच्या नोट्समध्ये तसं वाचल्याचं आठवतंय. बघून सांगतो.

घाईत_आहे
ओके, ३ आणि ४ समजले. पण मग ५ बरोबर कसा आला? मी ५५, ५५, १०० वरून ६४ काढले आणि त्यातून ५६ वजा केले. पाया चूक असेल तर उत्तरही चुकायला हवं होतं. म्हणून तर क्विझवर संशय आला.

दोन_दशांश
योगायोग. खर्चाने केलं तर माहिती आधी मिळाल्यास ०.५×२० + ०.३×४५ + ०.२×६० = ३५.५, आणि ४३.५ − ३५.५ = ८. दोन्हीकडे ८ आले, सोडून द्या.

सांख्यिकी_काका
निव्वळ योगायोग नाही. संभाव्यता ०.४, ०.४, ०.२ करून बघा, तरी दोन्हीकडे ८ च येतील.
ईव्हीपीआय म्हणजे ईव्हीने निवडलेल्या पर्यायाचा सरासरी रिग्रेट. खर्चाने अ निवडला जातो, त्याचा रिग्रेट ०, ०, ४०. चुकून नफा धरला तर क निवडला जातो, त्याचाही ०, ०, ४०. अ फक्त जास्त मागणीत मार खातो, ६० ऐवजी १०० देऊन. क ला नफा समजलं तर तोही तिथेच मार खातो, १०० ऐवजी ६० घेऊन. अंतर तेच ४०, त्याला ०.२ ने गुणलं की ८. ब चे मधल्या स्तंभातले ५० बदलून ४० करा, मग खर्चाने ९.५ येतील आणि नफ्याने ८ च राहतील.

यातूनच एक पडताळा मिळतो. तिन्ही रांगांचा सरासरी रिग्रेट काढा: अ ८, ब ११, क २०.५. प्रत्येकात ३५.५ मिळवा, ४३.५, ४६.५, ५६ परत यायला हवेत. आले नाहीत तर स्तंभाचा लहान-मोठा कुठेतरी चुकला आहे.

दोन_दशांश
५० चं ४० केल्यावर ९.५ कसे? अ चा रिग्रेट ०, ०, ४० च ना?

सांख्यिकी_काका
मधल्या स्तंभाचा लहान आकडा आता ४०, म्हणून अ चा रिग्रेट ०, ५, ४०. ०.३×५ = १.५, अधिक ८. अ चे ४३.५ तसेच आणि ब चे ४३.५, म्हणजे बरोबरी झाली. कोणताही धरा, ९.५ च येतात.

दोन_दशांश
हो, आला. योगायोगाचं विधान मागे घेतो.
एक्सेलमध्ये करणाऱ्यांसाठी: पर्याय २ ते ४ ओळींत, संभाव्यता ६ व्या ओळीत, आकडे B पासून D पर्यंत. पहिलं सूत्र F2 मध्ये टाकून H4 पर्यंत ओढायचं, दुसरं J2 मध्ये टाकून खाली.

```
=B2-MIN(B$2:B$4)
=SUMPRODUCT(B2:D2,B$6:D$6)
```

डॉलर आकड्याच्या आधी, अक्षराच्या आधी नाही. `$B2:$B4` लिहिलं तर उजवीकडे ओढल्यावर सगळे स्तंभ B च्याच लहान आकड्याशी ताडले जातात, आणि खाली ओढल्यावर पट्टाही खाली सरकतो. ओळखायची खूण: एखाद्या स्तंभात एकही शून्य दिसत नाही.

मोदकवाली_ताई
मला वेगळंच विचारायचंय. गणपतीत उकडीचे मोदक करून विकायचे आहेत. एक मोदक १५ ला पडतो, ३५ ला विकते, उरलेला दुसऱ्या दिवशी कोणी घेत नाही. किती करावेत, हे याच टेबलने निघेल का?

सांख्यिकी_काका
ताई, टेबलनेही निघेल, पण तुमच्यासाठी सोपी वाट आहे. एक मोदक कमी पडला तर २० चा नफा बुडतो, एक उरला तर १५ जातात. २० भागिले ३५ म्हणजे सुमारे ०.५७. मागणी अमुक संख्येइतकी किंवा तिच्याहून कमी राहण्याची शक्यता जिथे पहिल्यांदा ५७ टक्क्यांना पोचते, तितके करा. त्यासाठी मागच्या वर्षी रोज किती मागणी होती ते हवं, आणि 'संपले' म्हणून परत पाठवलेले लोकही त्यात धरायचे.

मोदकवाली_ताई
परत पाठवलेले कुठे मोजले होते... बरं, वहीत बघते.

खेळिया
खर्च धरला तर सॅडल पॉइंट ६० वर जातो. तरी क च.

घाईत_आहे
१५ आणि अ टाकलं. पाचही हिरवे. धन्यवाद काका. आता सहावा उघडला: 'हर्विझ, अल्फा ०.६, निवडलेल्या पर्यायाचं मूल्य टाका.' अल्फा चांगल्या आकड्याला लावू की वाईट? आणि चांगला म्हणजे लहानच ना?

सांख्यिकी_काका
चांगला म्हणजे लहान खर्च, हो. अल्फा बहुतेक पुस्तकांत आशावादाचा असतो, तो चांगल्याला लावायचा. अ: ०.६×२० + ०.४×१०० = ५२. ब: ४९. क: ५७. निवड ब, मूल्य ४९.

परीक्षावीर
आमच्याकडे अल्फा निराशावादाचा शिकवला. तसं केलं तर अ ६८, ब ५६, क ५८. निवड ब च, पण मूल्य ५६. या वेळी माझं बरोबर आहे, नोट्स समोर आहेत.

दोन_दशांश
दोन्ही प्रथा चालतात. सरांच्या स्लाइडवर अल्फाची व्याख्या असेल, ती टाका.

घाईत_आहे
स्लाइडवर फक्त 'α = गुणांक' लिहिलंय.

परीक्षावीर
५६ टाक.

सांख्यिकी_काका
थांबा. स्लाइडवर सोडवलेलं एखादं उदाहरण असेलच. त्यात अल्फा रांगेतल्या कुठल्या आकड्याला लावलाय ते आधी बघा. आणि ते उदाहरण नफ्याचं आहे की खर्चाचं, तेही.

घाईत_आहे
उदाहरणात अल्फा ०.५ आहे 😐