पॅरिसचा टॅक्स रिफंड रुपयात आला, ७२० रुपये कमी. ही लूट की आपलाच हिशोब चुकतोय?

शहापूरवाली
पॅरिसला पर्स आणि सेंटच्या बाटल्या मिळून १,२०० युरोची खरेदी झाली. दुकानात टॅक्स फ्रीचा फॉर्म करून दिला, त्यावर रिफंड १४४ युरो असं स्वच्छ छापलेलं. एअरपोर्टवर मशीनला बारकोड दाखवला, हिरवं आलं, विषय संपला. आता क्रेडिट कार्डवर १३,९६८ रुपये जमा झालेत. जमा झाल्या दिवशी गूगलवर युरो १०२ होता म्हणजे १४,६८८ यायला पाहिजे होते. मधले ७२० कुणी खाल्ले? बँकेला विचारलं तर म्हणतात आम्हाला आले तेवढेच टाकलो. मला तर ही सरळ लूट वाटते, तुम्हाला काय वाटतं?

खडेबाजारवाला
लूट कसली ताई, धंदा आहे. मी बी दुकान चालवतोय, मला कुणी येऊन डॉलर दिला तर मी काय गूगलचा रेट देणार आहे काय? तिकडच्या कंपनीनं तुमचे युरो रुपये करून दिले, त्याची मजुरी घेतली. रुपयात पाहिजे म्हणून तुम्हीच कुठंतरी टिक केला असणार की. लाखाच्या वर खरेदी आणि ७२० साठी धागा, आमच्या गणपत गल्लीत एवढी घासाघीस कोण करत नाही 😄

निपाणीचे काका
ताई घाबरू नका, हे पैसे जात नाहीत. टूर बुक करताना कापतात ते २६एएस मध्ये दिसतं, रिटर्न भरताना क्लेम करा, सगळे परत मिळतात. आमच्या युरोप टूरचे मला पूर्ण मिळाले. सीए ला सांगा फक्त.

शहापूरवाली
काका ते टीसीएस हो, आपल्या सरकारनं कापलेलं. मी फ्रान्सच्या व्हॅटबद्दल विचारतेय, दुकानाच्या बिलातला. आणि खडेबाजारवाले दादा, मी कुठंच टिक केलेलं आठवत नाही. दुकानातल्या पोरीनं पासपोर्ट आणि कार्ड घेतलं, तिनंच टॅबवर टकटक केलं, मी सही केली.

हिंडलगा_निवृत्त
मी बँकेच्या फॉरेक्स डेस्कवर नोकरी काढली आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो, लांबलं तर सोसा.

ताई, आधी एक बघा. कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये त्या ओळीत `EUR 144.00` असं कुठं छापलंय का, की नुसता रुपयाचा आकडा आहे? युरो छापला असेल तर पैसे युरोत आले आणि रुपये तुमच्या बँकेनं केले. नुसते रुपये असतील तर रिफंड कंपनीनंच तिकडं रुपये करून पाठवले, म्हणजे बँक खरं बोलतेय. मग साधा भागाकार, १३,९६८ ला १४४ नं भागा, ९७ येतात. तुम्हाला मिळालेला युरोचा खरा भाव हा. १०२ चा बाजारभाव आणि ९७ यात पाचाच्या जरा आत टक्के फरक पडला, आणि हा फरक कुठल्याच कागदावर फी म्हणून लिहिलेला नसतो कारण तो फी नाहीच, तो भावातच मुरवलेला असतो. म्हणून फॉर्मवर १४४, मेसेजमध्ये १३,९६८, आणि दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर.

पण खडेबाजारवाले म्हणतात त्यातही दम आहे, फक्त दुसऱ्या ठिकाणी. फ्रान्समध्ये व्हॅट २० टक्के, तो किमतीत धरलेला, म्हणजे १,२०० मध्ये व्हॅट २०० युरो. तुम्हाला फॉर्मवर मिळाले १४४. मधले ५६ युरो, १०२ नं ५,७१२ रुपये, ते रिफंड कंपनीनं सर्व्हिस चार्ज म्हणून आधीच काढले आणि त्यातलं काही दुकानाकडंही जातं. तिथं बहुतेक दुकानांत हातात १२ टक्क्यांच्या आसपासच येतं. तुम्ही ७२० वर भांडताय आणि त्याच्या आठपट आधीच गेलेत.

खडेबाजारवाला
बघा! हेच म्हणत होतो. ५,७१२ वर कुणी ओरडत नाही.

टिळकवाडी_मेघना
मला हे पटत नाही. ५६ युरो मोठे आहेत कबूल, पण ते फॉर्मवर दिसतात, १४४ लिहिलेले असतात, नको असेल तर नको म्हणता येतं. ७२० दिसतच नाहीत. मोठी रक्कम उघड घेतली आणि छोटी लपवून घेतली तर मला छोटीचाच राग जास्त येतो. आणि युरोपात एटीएम किंवा दुकानात कार्ड मारताना तुमच्या चलनात पाहिजे का विचारतात ना, तिथं एप्रिल २०२० पासून युरोपियन सेंट्रल बँकेच्या दरावर आम्ही इतके टक्के लावतोय हे स्क्रीनवर दाखवायलाच लागतं, निदान तिकडच्या कार्डांसाठी तसा कायदा आहे. मी जिथं रिफंड घेतला त्या काउंटरवर असा टक्का मला कुठंच दिसला नाही, नुसता रुपयाचा गोल आकडा दाखवला आणि पुढचा माणूस बोलावला. पाठीमागं लाईन, फ्लाइटची घाई, कोण कॅल्क्युलेटर काढतंय.

शहापूरवाली
स्टेटमेंट बघितलं. नुसते रुपये आहेत, युरो कुठंच नाही. म्हणजे तिकडंच केलेत.

चिकोडी_एक्सप्रेस
एवढी कटकट कशाला, रोख घ्यायचं ना एअरपोर्टवरच. आणि घेताना डॉलर घ्यायचा, डॉलर कुठंही चालतो, बेळगावात पण बदलून मिळतो. कार्डचा नादच नको. आणि हो, रेट खरेदीच्या दिवशीचाच धरायला लागतो त्यांना, तो नियम आहे, त्यावर भांडा.

हिंडलगा_निवृत्त
एक्सप्रेस, रोख लगेच हातात येते हे खरं, कार्डवर यायला आठवडे लागतात आणि कधी येतच नाही तर तक्रार करत बसायचं. पण बाकीचं जरा थांबा. रोख घेतली की बऱ्याच काउंटरवर त्याची वेगळी फी कापतात. त्यात युरोच्या देशात डॉलर मागितला की युरोचा डॉलर त्यांच्या भावानं, मग इथं येऊन डॉलरचा रुपया मनी चेंजरच्या भावानं. दोनदा बदली, दोनदा कात्री. रोखच घ्यायची तर युरोच घ्या, आणि पुढच्या ट्रिपला तेच वापरणार असाल तर बदलूच नका, निवासी भारतीयाला २,००० डॉलरच्या किमतीइतक्या परकी नोटा जवळ ठेवता येतात. सुट्टी नाणी मात्र तिथंच कॉफीला संपवा, इकडं कुणी घेत नाही.

आणि रेट खरेदीच्या दिवशीचा नसतो. कस्टम्सची मोहोर लागून पैसे ज्या दिवशी पाठवतात त्या सुमाराचा असतो. मधे युरो वर गेला तर तुमचा फायदा, खाली आला तर तोटा, तो कुणाची लबाडी नव्हे. म्हणून ताईंनी जमा दिवसाचा भाव धरला ते योग्य केलं.

टिळकवाडी_मेघना
म्हणजे उत्तर सोपं आहे ना सर, कार्डवर घ्या पण युरोत घ्या, रुपयात नको. विषय क्लोज.

हिंडलगा_निवृत्त
अर्धंच सोपं आहे. आता ताईंचीच केस युरोत आली असती असं धरून बघू. १०२ हा गूगलचा मधला भाव, तो कुणालाच मिळत नाही. कार्ड नेटवर्कनं, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डनं, समजा १०१.३० धरला, तर १४४ युरोचे १४,५८७ झाले. आता तुमचं कार्ड झिरो मार्कअपचं असेल, म्हणजे परकी चलनाच्या व्यवहारावर बँक वेगळे टक्के लावत नसेल, तर हे पूर्ण मिळतात, म्हणजे रुपयात घेतल्यापेक्षा ६१९ जास्त. पण आपल्याकडच्या पुष्कळ साध्या कार्डांना ३.५ टक्के मार्कअप असतो, वर त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, मिळून ४.१३. बँकेनं तो रिफंडवरही लावला तर ६०२ गेले आणि उरले १३,९८५. म्हणजे युरो युरो करून मिळाले किती जास्त, १७ रुपये!

त्यामुळं आधी स्वतःच्या कार्डाचा मार्कअप बघा आणि मग ठरवा. परकी कंपनी कापत नसली तर घरची बँक कापते, असं होऊ शकतं.

खडेबाजारवाला
१७ रुपये 😂😂 ताई आता यावर एक धागा होऊन जाऊ दे

कॅम्प_जोसेफ
सर एक मिनिट. खर्चावर मार्कअप लावतात हे माहीत आहे पण रिफंडवर पण? माझ्याकडं एका बँकेचं कार्ड आहे त्यावर हॉटेल कॅन्सल झाल्याचे युरो परत आले ते जवळपास नेटवर्कच्या भावानंच आले, मार्कअप कापलेला दिसला नाही. म्हणजे जाताना साडेतीन टक्के घेतले, ते परत दिले नाहीत ते वेगळं, पण येताना पुन्हा नाही घेतले.

खानापूरची_वैनी
आमच्या ह्यांच्या कार्डावर कापले हो. मी स्वतः बघितलंय, रिफंडच्या ओळीखाली मार्कअप आणि जीएसटीच्या दोन बारक्या ओळी होत्या. फोन केला तर ती मुलगी म्हणाली परदेशी चलनाचा व्यवहार म्हणून लागतं मॅडम, येणारा असो जाणारा असो.

हिंडलगा_निवृत्त
दोघांचं बरोबर असेल. बँकेबँकेत फरक आहे, एकाच बँकेच्या दोन कार्डांतही असतो. कस्टमर केअरच्या तोंडी बोलण्यापेक्षा जुन्या स्टेटमेंटमधला एखादा परदेशी रिफंड शोधा, त्या दिवसाचा भाव व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या साईटवरच्या कॅल्क्युलेटरवर बघा, भागाकार करा. तिथं मार्कअपचा रकाना येतो तो आधी शून्य करायला विसरू नका.

टिळकवाडी_मेघना
मान्य, कार्डावर अवलंबून आहे. तरी माझा मुद्दा तोच. बँकेचा साडेतीन टक्के निदान चार्जेसच्या यादीत छापलेला असतो, वैनींना दोन ओळी तरी दिसल्या. ताईंना काय दिसलं? नुसता १३,९६८. १७ रुपयांचा फरक असो की ६१९ चा, विचारलं तर पाहिजे ना, आणि दुकानातल्या मुलीनं परस्पर रुपया निवडणं मला तरी विचारणं वाटत नाही.

खडेबाजारवाला
अगं मेघना, सही केली की झालं विचारून. ती पोरगी दिवसाला पन्नास फॉर्म करत असेल, प्रत्येकाला फॉरेक्सचा क्लास घेत बसेल काय. बारीक अक्षर वाचायचं काम गिऱ्हाईकाचं.

शहापूरवाली
दादा, फॉर्म फ्रेंच आणि इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, तुम्ही वाचला असता?

खडेबाजारवाला
मी पॅरिसला जाऊन पर्सच घेतली नसती 😄 पण ठीक आहे, अक्षराचं मान्य.

कॅम्प_जोसेफ
सर, मी मे महिन्यात इटलीला चाललोय, गोव्याहून. फॉरेक्स कार्ड घेतलंय युरो भरून. रिफंड त्यावरच युरोत मागितला तर परत युरो म्हणूनच राहतील ना? म्हणजे बदलीच नको.

हिंडलगा_निवृत्त
विचार चांगला आहे, पण कार्ड देणाऱ्याला लेखी विचारा की बाहेरून आलेला क्रेडिट युरोच्या वॉलेटमध्येच पडतो का. आणि काही रिफंड कंपन्या प्रीपेड कार्ड घेतच नाहीत, म्हणून दुकानात फॉर्म करतानाच विचारा आणि एक क्रेडिट कार्ड जवळ असू द्या. टॅब त्या पोराच्या हातात असताना करन्सी कुठली टाकलीस एवढं विचारा, फॉर्म छापून झाल्यावर बदलायला ते कुरकुरतात. बिल ७० युरोच्या वर एकाच दुकानात, एकाच दिवशीचं पाहिजे, २०२४ पासून इटलीत ती मर्यादा आहे, पूर्वी १५५ च्या जवळ होती. आणि इटलीतूनच परत येणार की दुसऱ्या युरोपियन देशातून? मोहोर शेवटच्या देशात लागते.

कॅम्प_जोसेफ
रोमहून दुबई मार्गे. म्हणजे रोमलाच ना? दुबईत नाही?

हिंडलगा_निवृत्त
रोमलाच. आणि बॅग चेक इन करायच्या आधी, वस्तू दाखवायला सांगू शकतात.