मदत हवी आहे: रिहीटचा दाब कमी केल्यावर काम वाढतं, मग कार्यक्षमता का घटते?

रँकिन चक्राच्या चार प्रक्रिया (पंप, बॉयलर, टर्बाइन, कंडेन्सर) विद्यार्थ्यांना समजल्या आहेत. अडचण कार्यक्षमता वाढवण्याच्या उपायांत, रिहीटपाशी आली आहे.

उदाहरण आदर्श चक्राचं घेतलंय: टर्बाइनला वाफ 100 बार, 500 अंश सेल्सिअस, कंडेन्सर 0.1 बार. रिहीट नसताना कार्यक्षमता 40.2% येते, पण टर्बाइनबाहेरच्या वाफेचा शुष्कतांक फक्त 0.79. इतक्या पाण्याच्या थेंबांनी शेवटची पाती झिजतात, म्हणून रिहीट हवंच.

20 बारला पुन्हा 500 अंशांपर्यंत तापवल्यावर शुष्कतांक 0.90 आणि कार्यक्षमता 41.7% झाली. 5 बारला तेच केलं तर निव्वळ काम किलोग्रॅममागे 1546 वरून 1630 किलोज्यूल झालं, कार्यक्षमता मात्र 40.7% वर उतरली.

रिहीटची उष्णता भाजकात धरली आहे. ती विसरली तर 20 बारला फसवी 48.7% येते, तिथेच बरेच जण चुकतात. पंपाचं कामही वजा केलंय आणि वाफेचे तक्ते दोनदा तपासलेत.

माझा अंदाज असा: रिहीटमधली उष्णता सरासरी किती तापमानाला मिळते, त्यावर सगळं ठरतं. ते 20 बारला साधारण 643 केल्व्हिन येतं, 5 बारला 557. मूळ बॉयलरमध्ये 533.

हे स्पष्टीकरण पुरेसं आहे का? आणि वरचा दाब, तापमान व कंडेन्सर न बदलता, सर्वाधिक कार्यक्षमतेचा रिहीट दाब प्रत्येक वेळी आकडेमोड न करता कसा ओळखायचा?