क्वार्टर आणि झोपेची गोळी

> "आठला क्वार्टर घेतली, अकराला झोपेची गोळी घेतली. तीन तासांचा गॅप पुरतो की."

नाही पुरत. 180 मिली व्हिस्कीत साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं आणि लिव्हर तासाला 7 ते 10 ग्रॅमच जिरवतं. म्हणजे अकरा वाजता निम्मी किंवा त्याहून जास्त दारू अंगात असतेच. वरून अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी घेतली की दोन्ही मेंदूला एकाच जागी दाबतात आणि श्वास मंदावतो. उलट क्रमही तितकाच वाईट, गोळीचा अंमल दुसऱ्या दिवशीही उरतो.

माझं परभणीत मेडिकल आहे. शेजारचे काका लग्नाहून पिऊन आले आणि रोजची गोळी घेऊन झोपले. काकू म्हणाल्या, "गाढ झोपलेत, घोरायलेत." जाऊन पाहिलं तर घोरणं नव्हतं, घशात गुरगुर होती, मध्येच श्वास थांबायचा, हलवूनही डोळे उघडेनात. कुशीवर वळवलं, 108 ला फोन केला, स्ट्रिप सोबत दिली. वाचले.

स्ट्रिपवर ब्रँडखालचं बारीक नाव वाचा: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम. दुखण्याच्या गोळीत ट्रॅमाडॉल असेल तर तिलाही हेच लागू. प्यालात तर त्या रात्री गोळी नको. मात्र रोजची गोळी मनानं कायमची बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांना पिण्याचं खरं सांगा.