अनुभव धागा: सिल्व्हर नायट्रेट, तीन हॅलाइड आणि मागे उरतं किती?

प्रयोगवही: क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड एकाच द्रावणात असतील तर सिल्व्हर नायट्रेटने आधी आयोडाइड बसतं, मग ब्रोमाइड, शेवटी क्लोराइड. हे पाठ असतं सगळ्यांना. मला पुढचं हवंय. दुसरं मीठ बनायला लागतं त्या क्षणी पहिल्याचं द्रावणात किती शिल्लक असतं? आणि टेबलावर ते तसं दिसतं का? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी लिहा.

शर्वरी: आम्ही बीएस्सीच्या मुलांना तिन्ही ०.०१ मोलर घेऊन हे करायला लावतो. विद्राव्यता गुणाकार घ्या: क्लोराइडचा १.८ × १०⁻¹⁰, ब्रोमाइडचा ५ × १०⁻¹³, आयोडाइडचा ८.३ × १०⁻¹⁷. सिल्व्हर ब्रोमाइड बनायला चांदीचे आयन ५ × १०⁻¹¹ मोलर लागतात. तेवढी चांदी असताना आयोडाइड १.७ × १०⁻⁶ च्या वर राहूच शकत नाही, म्हणजे मुळातल्या दहा हजारांत दोन भागही नाहीत. क्लोराइड सुरू व्हायला १.८ × १०⁻⁸ लागतात, तेव्हा ब्रोमाइड २.८ × १०⁻⁵ उरलेलं असतं, हजारात जवळपास तीन भाग. आयोडाइड छान सुटतं, ब्रोमाइड तेवढं नाही.

ब्युरेटमधल्या पाण्याने द्रावण पातळ होतंच, पण त्याची फार चिंता नको. दोन्ही मिठं एकत्र समतोलात असली की ब्रोमाइड क्लोराइडच्या ३६० पट कमी, आयोडाइड ब्रोमाइडच्या ६००० पट कमी. आकडे सरकतात, हे प्रमाण सरकत नाही.

आबा_निवृत्त: आमच्या वेळी पांढरा साका अमोनियात विरघळला की क्लोराइड, मलईसारखा असून जेमतेम विरघळला की ब्रोमाइड, पिवळा अजिबात हलला नाही की आयोडाइड. एवढ्यावर काम व्हायचं.

प्रयोगवही: आबा, ती ओळखण्याची चाचणी झाली. मी विचारतोय तो उरलेल्याचा हिशोब.

सोपं_करा: एवढं गणित कशाला? गुणाकार ज्याचा कमी, तो आधी खाली बसतो. त्यामुळे क्लोराइड कितीही असलं तरी ब्रोमाइड आधी जाणारच.

खारवारा: "कितीही असलं तरी" हे बरोबर नाही. मी समुद्राच्या पाण्यावर काम केलंय. त्यात क्लोराइड साधारण ०.५५ मोलर आणि ब्रोमाइड ०.०००८४, म्हणजे क्लोराइड साडेसहाशे पट. इथे सिल्व्हर क्लोराइड चांदी ३.३ × १०⁻¹⁰ झाली की बनायला लागतं, ब्रोमाइडला मात्र ६ × १०⁻¹⁰ हवी. क्लोराइडच आधी. ते घटत घटत ब्रोमाइडच्या ३६० पटीवर, म्हणजे ०.३० मोलरच्या आसपास आलं, की मग ब्रोमाइडची पाळी. तोवर साधारण पंचेचाळीस टक्के क्लोराइड खाली गेलेलं असतं! म्हणून समुद्राच्या पाण्याचं 'क्लोरिनिटी' मोजमाप ब्रोमाइड वेगळं न काढता सगळ्याचीच बेरीज घेतं.

सोपं_करा: म्हणजे माझा नियम सारखी तीव्रता असेल तरच चालतो?

शर्वरी: सारखीच हवी असं नाही. क्लोराइड ब्रोमाइडच्या ३६० पटीच्या आत असेपर्यंत चालतो. पण खारवारा, तुमचा हिशोब शुद्ध, वेगवेगळ्या स्फटिकांचा आहे.

खारवारा: हो, ते मान्य. प्रत्यक्षात थोडं ब्रोमाइड पहिल्या थेंबापासूनच क्लोराइडच्या स्फटिकात शिरतं. स्वच्छ पायरी मला कधीच दिसली नाही.

मीटरवाली: हेच मला चांदीच्या तारेवर दिसतं. तिन्ही ०.०१ मोलर, २५ मिली, ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट, तर व्होल्टेजच्या उड्या २.५, ५ आणि ७.५ मिलीला यायला हव्यात. पहिली नीट येते. दुसरी थोडी उशिरा, कारण ब्रोमाइडबरोबर क्लोराइडही मिश्र स्फटिक होऊन बसतं. शेवटची परत जागेवर. म्हणजे ब्रोमाइड जास्त आणि क्लोराइड तेवढंच कमी निघतं, बेरीज मात्र चुकत नाही. बेरीजच जास्त आली आणि वाढ सगळी क्लोराइडच्या वाट्याला असेल, तर संदर्भ इलेक्ट्रोडकडे बघा. त्यातलं पोटॅशियम क्लोराइड झिरपत असतं. मधे पोटॅशियम नायट्रेटचा पूल ठेवला की ते थांबतं.

आणखी एक, घाईने ओतलं तर थेंब पडतो तिथे चांदी क्षणभर खूप जास्त होते आणि पांढरं क्लोराइड बनतं. ढवळत राहिलं की तेच पिवळं होत जातं, आयोडाइड चांदी ओढून घेतं. दुसऱ्या उडीजवळ म्हणूनच मी थेंबाथेंबाला थांबते आणि मीटर स्थिर झाल्यावरच आकडा लिहिते.

प्रयोगवही: द्रावणात आधीच पोटॅशियम नायट्रेट घातलं तर दुसरी उडी सुधारते का?

मीटरवाली: मला थोडी सुधारलेली वाटली.

शर्वरी: आमच्याकडे फरक पडला नाही. तुम्ही किती घालता?